शाळेच्या सूचना अनेक, यादी एकच

शाळेची सूचना बहुतेकदा मिळालेली असते, वाचलेलीही असते. तरीही सकाळी सव्वासातला मूल दप्तर पाठीवर घेऊन सांगतं, ‘आज चार्ट पेपर न्यायचाय.’ सूचना आली सोमवारी अ‍ॅपवर, तिच्यावर चर्चा झाली वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, तपशील होता ईमेलच्या पीडीएफमध्ये आणि दुकानात जायला हवं होतं बुधवारी. ही तिन्ही ठिकाणं आठवड्यातून एकदा एकत्र पाहून कामांची एकच यादी करायची, एवढंच करायचं असतं. पण ती कशी करायची, यात बऱ्याच खाचाखोचा आहेत.

पहिला प्रश्न वाराचा. बहुतेक पालक रविवारी रात्री आठवड्याचा विचार करतात. माझ्या मते तेव्हा उशीर झालेला असतो. स्टेशनरीचं दुकान बंद, डॉक्टरांचा दवाखाना बंद, शाळेच्या कार्यालयात फोन उचलायला कोणी नाही. यादी शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी सकाळी करावी, म्हणजे खरेदीला, धुण्याला आणि शंका विचारायला शनिवार हाताशी राहतो.

सुरुवात अ‍ॅपपासून करावी, कारण तिथली सूचना शाळेची अधिकृत असते. मोबाइलवर आलेल्या नोटिफिकेशनवर विसंबू नये. ते एका बोटाने सरकवलं की गेलं. अ‍ॅप उघडून मागच्या आठवड्याच्या सूचना तारखेप्रमाणे खाली उतरत वाचाव्यात. आई-वडील दोघं एकाच लॉगिनने अ‍ॅप वापरत असतील, तर एकाने उघडलेली सूचना दुसऱ्याला ‘वाचलेली’ दिसू शकते आणि दोघांनाही वाटतं की दुसऱ्याने पाहिलं असेल. संमती अ‍ॅपवरच द्यायची असेल, तर सूचना वाचणं म्हणजे संमती देणं नव्हे. शेवटचं बटण दाबलं का, ते पाहावं लागतं.

मग ईमेल. शुल्काचे मेल शाळेच्या लेखा विभागाकडून वेगळ्या पत्त्यावरून येऊ शकतात आणि स्पॅममध्ये जाऊन बसतात. जीमेल वापरत असाल तर शोधाच्या चौकटीत हे टाका:

```
has:attachment newer_than:7d
```

गेल्या सात दिवसांत जोडपत्रासह आलेले मेल समोर येतात. मात्र हा शोध स्पॅमचा कप्पा धुंडाळत नाही. तो वेगळा उघडून बघावा. आणि पीडीएफ शेवटच्या पानापर्यंत वाचावी. पहिल्या पानावर कार्यक्रमाचं कौतुक असतं, पालकांनी करायचं काम दुसऱ्या पानावर तळाशी असतं.

ग्रुप शेवटी पाहावा. तिथे माहिती लवकर मिळते, पण ती ऐकीव असते. ‘उद्या पांढरा गणवेश आहे’ हा निरोप मंगळवारी रात्री पावणेबाराला आला आणि तुम्ही तो बुधवारी सकाळी वाचला, तर ‘उद्या’ म्हणजे बुधवार की गुरुवार? निरोपाच्या कोपऱ्यातली वेळ पाहून ‘उद्या’, ‘परवा’, ‘येत्या शुक्रवारी’ यांची तिथल्या तिथे तारीख करून लिहावी. फॉरवर्ड होऊन आलेल्या परिपत्रकाच्या माथ्यावरचं शैक्षणिक वर्ष आणि तुकडी तपासावी. गेल्या वर्षीचं किंवा शेजारच्या तुकडीचं पत्रकही तितक्याच खात्रीने फिरत असतं. ग्रुपवर शोध घेऊन सगळं सापडेल असंही समजू नये. फळ्याचा किंवा वहीचा फोटो टाकलेला असेल, तर त्यातला मजकूर त्या शोधात येईलच असं नाही. म्हणून आठवडाभरात कामाचा निरोप दिसला की त्यावर बोट दाबून धरून तारांकित करून ठेवावं. शनिवारी तारांकित निरोप तेवढे उघडले की शेकडो ‘धन्यवाद’ आणि ‘हॅपी बर्थडे’ चाळावे लागत नाहीत.

आता एक उदाहरण घेऊ. समजा मुलगी सहावीत आहे, मुलगा दुसरीत. आज शनिवार, 6 डिसेंबर. अ‍ॅपवर बुधवारची सूचना: सहावीची सहल शुक्रवारी 12 तारखेला, 850 रुपये आणि संमतीपत्र 9 तारखेपर्यंत. कालच्या ईमेलमध्ये सुधारित पत्रक: बस सातऐवजी साडेसहाला सुटेल आणि नियमित औषध घेणाऱ्या मुलांनी संमतीपत्रासोबत डॉक्टरांची चिठ्ठी द्यावी. ग्रुपवर गुरुवारी रात्री कोणीतरी लिहिलंय, ‘मुदत गुरुवारपर्यंत वाढवली म्हणे.’ शिवाय दुसरीचा ‘यलो डे’ बुधवारी आहे.

बहुतेक जण यादीत लिहितील, ‘12 डिसेंबर, सहल.’ ही नोंद खरी आहे, पण तिचा उपयोग नाही, कारण 12 तारखेला करण्यासारखं फारसं काही उरलेलंच नसतं. यादी कार्यक्रमाच्या तारखेने लावायची नसते, आपल्याला हात कधी हलवायचा आहे त्या दिवसाने लावायची असते. मुलीला दम्याचं औषध चालू असेल, तर या सहलीचं पहिलं काम आजच आहे: दवाखाना बंद होण्याआधी चिठ्ठी आणणं. मग यादी अशी होते:

शनिवार 6: डॉक्टरांची चिठ्ठी, संमतीपत्राची प्रिंट आणि सही (बाबा, ईमेल, 5 तारीख)
रविवार 7: मुलाचा पिवळा टी-शर्ट शोधणं, धुणं (आई, अ‍ॅप)
सोमवार 8: चिठ्ठी, संमतीपत्र आणि 850 रुपये दप्तरात (बाबा, अ‍ॅप, 3 तारीख)
बुधवार 10: मुलगा पिवळ्या टी-शर्टमध्ये (आई)
गुरुवार 11: रात्री सहलीची पिशवी, इनहेलर (आई)
शुक्रवार 12: सव्वासहाला मुलीला बसपाशी सोडणं (बाबा; ईमेल, 5 तारीख)

कंसातल्या दोन गोष्टी गाळू नयेत. नाव लिहिलं नाही, तर काम आपोआप आईच्या अंगावर पडतं. अनेक घरांत आजही तसंच चाललंय आणि ते थांबायला हवं. सूचना कुठून, कधी आली हे लिहिलं की सातला जायचं की साडेसहाला, हा वाद लगेच मिटतो: अधिकृत पत्रकांपैकी नंतरच्या तारखेचं खरं. ग्रुपवरची वाढीव मुदत यादीत घेतलीच नाही. शाळेकडून तसं येईपर्यंत 9 तारीखच धरायची आणि तीही एक दिवस आधी गाठायची, म्हणजे सोमवारी मूल पाकीट द्यायला विसरलं तरी मंगळवार उरतो.

ही यादी कागदावर लिहून फ्रिजवर लावावी, असं मला वाटतं. फोनमधली यादी ज्याच्या फोनमध्ये असते त्याचीच राहते. कागद आजीही वाचते आणि सहावीतली मुलगी स्वतः खूण करते. खाली दोन-तीन ओळी मोकळ्या सोडाव्यात. आठवड्याच्या मधे आलेल्या सूचनांसाठी रोज रात्री अ‍ॅप उघडायचं आणि नवं काही असेल तर त्याच कागदावर लिहायचं. वेगळी चिठ्ठी केली की पुन्हा दोन याद्या झाल्या.

एका बाबतीत मात्र पालक हतबल आहेत: शाळेनेच तारीख बदलली आणि जुनी सूचना तशीच राहू दिली, तर घरची यादी कितीही चोख असली तरी चुकणार. म्हणून शाळांना आणि वर्गशिक्षकांना विनंती आहे. सूचना कुठेही टाका, पण पहिल्या ओळीत इयत्ता, तुकडी, तारीख आणि पालकांनी नेमकं काय करायचं ते लिहा. फोटोऐवजी मजकूर पाठवा. आणि सुधारित सूचना काढाल, तेव्हा ती कोणत्या तारखेच्या कोणत्या सूचनेऐवजी आहे, तेवढी एक ओळ वाढवा.