दोन रूळ आणि एक घर

बस्टर कीटनचा ‘वन वीक’ हा १९२० सालचा मूकपट दोन रिळांचा, म्हणजे जेमतेम वीसेक मिनिटांचा. नवपरिणित जोडप्याला आहेर म्हणून खोक्यांत भरलेलं, आपलं आपण जोडायचं घर मिळतं. नवरीनं नाकारलेला एक जण सूड म्हणून खोक्यांवरचे आकडे रंगानं बदलून ठेवतो. कीटन बिचारा आकड्यांबरहुकूम घर उभारतो आणि त्याचा एकही कोपरा सरळ येत नाही.

मूक विनोदाची पटकथा लिहायला बसणाऱ्यानं ही खोक्यांची जागा नीट पाहावी. आकडे बदलताना आपण पाहतो, कीटन पाहत नाही. त्यामुळे वाकडं घर दिसताच कारण आधीच आपल्या हातात असतं आणि हसू लगेच फुटतं. तेच आकडे बदलल्याचं नंतर उघड केलं असतं, तर आधी कोडं पडलं असतं. कोड्यात अडकलेला प्रेक्षक हसायला उशीर करतो. म्हणून कागदावर हे असं उतरतं:

खोकी. प्रत्येकावर मोठा आकडा. प्रतिस्पर्धी इकडेतिकडे पाहतो, ब्रश उचलतो, आकडा बदलतो, निघून जातो. कीटन येतो. हातातला नकाशा पाहतो, आकडा पाहतो, मान डोलावतो.

‘तो मत्सरानं पेटला’ हे वाक्य इथे निरुपयोगी आहे, कारण कॅमेऱ्याला मत्सर दिसत नाही, ब्रश दिसतो. मला तर वाटतं, पहिला खर्डा झाल्यावर न दिसणारी सगळी वाक्यं काट मारून पाहावीत. उरलेल्यातून गोष्ट कळत नसेल, तर मांडणी कच्ची आहे. पाटीवरचा मजकूर घालून ती पक्की होत नाही.

शेवटाकडे कीटन हाच नियम उलटा फिरवतो. घर भलत्याच प्लॉटवर बांधलं गेलेलं असतं. ते ओढून नेताना रेल्वेच्या रुळांवर अडकतं. आगगाडी येते. नवरा-बायको ढकलून दमतात, बाजूला होऊन डोळे झाकतात. गाडी निघून जाते आणि घर तसंच उभं! ती शेजारच्या रुळावरून गेलेली असते. दोघं हायसं वाटून जरा सैलावतात, तोच उलट दिशेनं दुसरी गाडी येते आणि घराचे तुकडे उडवते.

इथे प्रेक्षकाला नायकापेक्षा जास्त काहीच कळू दिलेलं नाही. सगळी भिस्त कॅमेऱ्याच्या कोनावर. पहिली गाडी येताना दोन रुळांमधलं अंतर डोळ्यांत भरलं असतं, तर टक्कर होणार नाही हे आधीच कळलं असतं. म्हणून हा कोन पटकथेतच नोंदवावा, छायाचित्रणाच्या दिवसावर सोडू नये. आणि दोन गाड्यांमधला तो सुस्कारा ही स्वतंत्र क्रिया म्हणून वेगळ्या ओळीत लिहावा. संकलकाला ती जागा रिकामी वाटू शकते. ती कापली, तर दुसरी गाडी नुसता अपघात ठरते.