फोटोतली रॅकेट कशी ओळखावी?

बॅडमिंटनच्या जुन्या रॅकेटचा फोटो पाहताना नजर आधी रंगावर जाते. पण एकाच रंगसंगतीत एकाच कंपनीच्या अनेक रॅकेट निघतात, त्यामुळे रंगावरून फार काही कळत नाही. ओळख पटते ती फ्रेमच्या कडेवरच्या अक्षरांवरून आणि दांडा मुठीत शिरतो तिथल्या टोपीवरच्या खुणांवरून. म्हणून विकणाऱ्याकडून या दोन्ही जागांचे जवळून घेतलेले फोटो मागवावेत.

योनेक्सचे उदाहरण घेऊ. फ्रेमवर ‘ॲस्ट्रॉक्स ९९ प्रो’ असे लिहिले आहे. यातला पहिला शब्द मालिकेचा. ॲस्ट्रॉक्स मालिका वजन डोक्याकडे झुकलेल्या रॅकेटची आहे, तर नॅनोफ्लेअरमध्ये ते मुठीकडे झुकते. आकड्यानंतरचा शब्द बरेचदा फोटोत कापला जातो आणि घोटाळा तिथेच होतो. ‘प्रो’ ही वरची श्रेणी. ‘गेम’ आणि ‘प्ले’ याच नावाच्या स्वस्त रॅकेट असतात, दिसायला जवळपास सारख्या. हा शेवटचा शब्द वाचता येत नसेल, तर मॉडेल ओळखले असे म्हणू नये.

टोपीवर 4U G5 असे काही कोरलेले असते. योनेक्सच्या पद्धतीत 3U म्हणजे साधारण ८५ ते ८९ ग्रॅम, 4U म्हणजे ८० ते ८४. G पुढचा आकडा जितका मोठा, तितकी मूठ बारीक. पण वरून जाड ग्रिप गुंडाळली असेल, तर ही खूण हाताला खरी लागत नाही. जवळच ताराच्या ताणाची मर्यादा पौंडांत दिलेली असते. ती फ्रेम किती ताण सोसेल ते सांगते. सध्या बसवलेल्या तारांचा ताण तिच्यावरून कळत नाही.

आता ही रॅकेट नवशिक्याला चालेल का? 4U हे वजन त्याला सोयीचेच आहे. अडचण दांड्याची आहे. ९९ प्रोचा दांडा ताठ असतो. तो वाकून सरळ होताना शटलला वेग देतो, पण वाकण्यासाठी हात झपाट्याने फिरावा लागतो. नवशिक्याचा हात तितका वेगाने फिरत नाही. मग शटल मागच्या रेषेपर्यंत पोचण्याऐवजी मधेच पडते, खेळाडू जोर वाढवतो आणि कोपर व खांदा दुखू लागतात. त्यात डोके जड असल्याने समोरून आलेला स्मॅश अडवायला रॅकेट वेळेवर वर येत नाही. म्हणून ही रॅकेट नव्या खेळाडूने घेऊ नये, स्वस्तात मिळाली तरी. त्याला 4U वजनाची, लवचीक दांड्याची आणि समतोल किंवा किंचित हलक्या डोक्याची रॅकेट हवी. तारांचा ताण २० ते २२ पौंड पुरेसा होतो.

मात्र दांडा किती वाकतो हे फोटोत दिसत नाही, ते मॉडेलच्या नावावरूनच समजते. म्हणून नाव चुकले की निवडही चुकते. नकली रॅकेटवरही हेच नाव छापलेले असू शकते. अक्षरे अस्पष्ट असतील किंवा टोपीवरचा क्रमांक खरवडलेला असेल, तर व्यवहार थांबवावा. तारांच्या भोकांजवळची केसासारखी भेग दूरच्या फोटोत लपते, तेव्हा फ्रेमच्या पूर्ण कडेचा फोटोही मागावा.