गोदामाची अखेरची किंमत

भिवंडीतल्या गोदामाचे मूल्यांकन करताना दहा वर्षांचे भाडे मोजता येते. त्यापुढच्या काळाची किंमत, म्हणजे अंत्यमूल्य, मात्र गृहीतकावर उभी असते.

समजा, दहाव्या वर्षी गोदामाचा कामकाजी नफा १२ कोटी रुपये आहे. कर आणि छपरा-फरशीची दुरुस्ती वजा जाता हातात १० कोटी उरतात. अपेक्षित परतावा १२ टक्के आणि कायमची वाढ ५ टक्के धरली, तर १०.५ कोटींना ०.०७ ने भागून १५० कोटी मिळतात. म्हणजे नफ्याच्या साडेबारा पट. दलाल मात्र बाजारभाव म्हणून १५ पट लावतो आणि १८० कोटी सांगतो.

या १५ पटीत वाढीचा दर लपलेला असतो. तो उलट काढता येतो: १८० चे १२ टक्के, वजा १०, भागिले १९०. उत्तर ६.१ टक्के, तेही कायमचे. भाडेकरारात दर तीन वर्षांनी १५ टक्के वाढ असेल, तर वर्षाला ४.८ टक्केच पडतात. जागा तीच, इमारत जुनी होणारी. वरचा सव्वा टक्का येणार कुठून? तेजीतल्या सौद्यांची पट उचलली की असे होते.

पहिली पद्धतही निर्दोष नाही. वाढ ५ ऐवजी ६ टक्के धरताच १५० चे सुमारे १७७ कोटी होतात.