आरटीएक्स ४०६० खरी, पण किती वॉटची?

दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन लॅपटॉपवर एकच स्टिकर असतं: आरटीएक्स ४०६०. ग्राफिक्स मेमरी दोन्हीत ८ जीबी, स्क्रीन सारखीच, किमतीत मात्र दहा-पंधरा हजारांचा फरक. साहजिकच गिऱ्हाईक स्वस्तातला उचलतं. घरी आल्यावर तोच गेम मित्राच्या लॅपटॉपवर सुरळीत चालतो आणि आपल्याकडे अडखळतो, तेव्हा प्रश्न पडतो की चिप तर एकच आहे, मग असं का?

चिप एकच असते, पण तिला मिळणारी वीज एक नसते. एनव्हिडियाने लॅपटॉपच्या ४०६० साठी ३५ ते ११५ वॉट एवढा मोठा पट्टा ठेवला आहे. त्यावर प्रोसेसरच्या वाट्याची काही वीज गरजेनुसार ग्राफिक्सकडे वळवण्याची सोय असते, म्हणून काही मॉडेलांवर १४० वॉटचा आकडा दिसतो. या पट्ट्यात कुठे थांबायचं हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. पूर्वी कमी विजेच्या चिपला ‘मॅक्स-क्यू’ असं वेगळं नाव असायचं, त्यामुळे निदान सावध तरी होता यायचं. २०२१ च्या ३० मालिकेपासून ती वेगळी नावं गेली, आणि तेव्हापासून वॉटचा आकडा प्रत्येक मॉडेलच्या माहितीत स्वतः शोधावा लागतो.

वीज निम्मी झाली म्हणून वेग निम्मा होत नाही. शेवटचा थोडासा वेग मिळवायलाच चिप सर्वांत जास्त वीज खाते. म्हणून १०० आणि १४० वॉटच्या ४०६० मध्ये बहुतेक गेममध्ये फारसा फरक जाणवत नाही. चिपची व्होल्टेजची मर्यादा आधीच आडवी येते. खरा फटका खालच्या टोकाला बसतो. ४५-५० वॉटवर बांधलेली ४०६० ही भरपूर वीज मिळणाऱ्या ४०५० च्याही मागे पडू शकते. माझ्या मते जड गेम खेळायचे असतील, तर ८० वॉटच्या खालच्या ४०६० साठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

नावातला आणखी एक चकवा डेस्कटॉपशी तुलना करताना दिसतो. डेस्कटॉपच्या ४०७० मध्ये १२ जीबी मेमरी आणि ५८८८ कोअर आहेत, लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ८ जीबी आणि ४६०८. ही मुळात वेगळी, लहान चिप आहे. म्हणून डेस्कटॉप कार्डाच्या चाचण्या बघून लॅपटॉप निवडू नये.

दुकानात वॉटचा आकडा कोणी सांगत नसेल, तर चार्जर उलटा करून बघावा. त्यावर आउटपुटचे व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. त्यांचा गुणाकार म्हणजे वॉट. एकावर २० व्होल्ट, ११.५ अँपिअर असेल, तर तो २३० वॉटचा. दुसऱ्यावर २० व्होल्ट, ७.५ अँपिअर, म्हणजे १५०. या दुसऱ्या चार्जरवर प्रोसेसर, स्क्रीन, पंखे आणि बॅटरीचं चार्जिंग सांभाळून ग्राफिक्सला दीर्घकाळ १४० वॉट देणं शक्यच नाही. मोठा चार्जर म्हणजे जास्त वॉटची हमी नव्हे, पण छोटा चार्जर बरंच काही सांगून जातो.

दिलेली वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते, आणि तिथे कूलिंगचा कस लागतो. लॅपटॉप उलटा करून हवा आत घेणाऱ्या जाळ्या किती मोठ्या आहेत आणि गरम हवा फक्त मागून निघते की बाजूंनीही, हे बघावं. अनेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्सच्या तांब्याच्या हीट पाइप सामाईक असतात, त्यामुळे एक तापला की दुसराही तापतो. एसीतल्या खोलीत केलेली चाचणी नागपूरच्या मे महिन्यात लागू पडेलच असं नाही. आत येणारी हवाच दहा-पंधरा अंशांनी गरम असेल, तर चिपचं तापमानही जवळपास तेवढंच वर सरकतं.

लॅपटॉप घरी आला की परत करण्याची मुदत संपण्याआधी एक चाचणी करावी. चार्जर जोडून, परफॉर्मन्स मोड लावून जड गेम अर्धा तास खेळावा. तो चालू असतानाच कमांड प्रॉम्प्टमध्ये ही कमांड द्यावी:

```
nvidia-smi
```

त्यात तापमान, खर्च होणारे वॉट आणि ग्राफिक्सवरचा भार दिसतो. भार शंभर टक्क्यांच्या जवळ असेल तेव्हाच बाकीच्या आकड्यांना अर्थ आहे. सुरुवातीला ११० वॉट दिसत होते आणि वीस मिनिटांनी तापमान ८७ अंशांना टेकून वॉट ७५ वर उतरले, तर कूलिंग कमी पडतंय. मागची बाजू उचलून किंवा साठलेली धूळ काढून यात थोडी सुधारणा होते. पण तापमान ७० वरच आहे आणि वॉट पहिल्यापासून ६० च्या पुढे सरकतच नाहीत, तर ती मर्यादा कंपनीनेच घातलेली आहे. तिथे कूलिंग पॅडवर खर्च करून वेग वाढणार नाही. मुदत उलटण्याआधी तो लॅपटॉप बदलून घ्यावा.