बारा लाखांचा करार, चार आकडे

समजा, पुण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीने 20 डिसेंबरला एका रुग्णालयाशी करार केला. केसपेपर, बिले आणि औषधांचा साठा सांभाळणारे सॉफ्टवेअर 1 जानेवारीपासून वर्षभर वापरायला द्यायचे, किंमत जीएसटी सोडून 12 लाख रुपये. सही झाली आणि कंपनीचे बुकिंग 12 लाखांनी वाढले. विक्री करणाऱ्याचे कमिशन बहुधा याच आकड्यावर ठरते. हिशेबाच्या वहीत मात्र त्या दिवशी उत्पन्न म्हणून एक रुपयाही चढत नाही. बुकिंग हा ग्राहकाने दिलेला शब्द आहे आणि तो किती पक्का, हे करारातल्या अटी सांगतात. हाच करार तीन वर्षांचा असता, तर विक्री विभागाने 36 लाखांचे बुकिंग सांगितले असते. पण 30 दिवसांची नोटीस देऊन रुग्णालयाला केव्हाही बाहेर पडता येत असेल, तर त्या 36 लाखांवर भिस्त ठेवता येत नाही.

1 जानेवारीला पूर्ण वर्षाचे बिल निघते. 12 लाखांवर 18 टक्के जीएसटी 2 लाख 16 हजार, म्हणून बिलाची रक्कम 14 लाख 16 हजार. बिलिंगमध्ये कर धरत नाहीत, त्यामुळे बिलिंग 12 लाखच. माझ्या मते छोट्या कंपन्यांची खरी दमछाक इथून सुरू होते. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या कंपनीला जानेवारीत केलेल्या बिलाचा जीएसटी 20 फेब्रुवारीपर्यंत भरावा लागतो, मग ग्राहकाचे पैसे आलेले असोत वा नसोत. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळते, पण या कंपनीचा मोठा खर्च पगारांचा आणि पगारांवर जीएसटी नसल्याने ती वजावट थोडीच असते. म्हणजे रुग्णालयाने 60 दिवसांची उधारी मागितली, की मधल्या काळात कराची रक्कम कंपनी स्वतःच्या खिशातून भरते. जानेवारीत जितके जास्त बिलिंग, तितकी फेब्रुवारीत चणचण.

रुग्णालयाकडून पैसे आले मार्चच्या मध्यावर. त्याने 12 लाखांवर 10 टक्के टीडीएस कापला, म्हणून बँकेत 12 लाख 96 हजार जमा झाले. त्यातून आधी भरलेला जीएसटी वजा केला, की कंपनीच्या हाती 10 लाख 80 हजार राहतात. कापलेले 1 लाख 20 हजार बुडालेले नाहीत, पण ते आयकराच्या हिशेबात वळते होतात. कंपनी तोट्यात असेल तर परताव्यासाठी थांबावे लागते.

आता 31 मार्चला आर्थिक वर्ष संपते. करार 12 लाखांचा, बिल 12 लाखांचे, पैसेही आलेले. तरी नफातोटा पत्रकात उत्पन्न दिसेल फक्त 3 लाख, कारण सेवा तीनच महिने दिलेली आहे. उरलेले 9 लाख ताळेबंदात देणे म्हणून बसतात. पैसे खात्यात असताना ते देणे कसे, हा प्रश्न अनेक उद्योजकांना पडतो. पण रुग्णालयाला अजून नऊ महिन्यांची सेवा द्यायची आहे. मोठ्या कंपन्यांना 1 एप्रिल 2018 पासून लागू झालेले इंड एएस 115 हे मानक, सेवा जशी पोचेल तसे उत्पन्न धरा असे सांगते. लहान कंपन्यांसाठीचे जुने एएस 9 वापरले, तरी वर्षभर सारख्या मिळणाऱ्या सेवेचा हिशेब असाच लागतो.

हा नियम नुसता कागदी नाही. बायजूजचे 2020-21 चे लेखापरीक्षित निकाल सप्टेंबर 2022 मध्ये आले आणि तोटा 4,588 कोटी रुपयांचा निघाला. आधी लवकर धरले जाणारे उत्पन्न आता अभ्यासक्रमाच्या मुदतीवर विभागावे लागले, हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

बाहेरच्या माणसालाही हे आकडे जुळवून पाहता येतात. उत्पन्नात न कमावलेल्या रकमेची वाढ मिळवली, की बिलिंग निघते: आपल्या उदाहरणात 3 अधिक 9, म्हणजे 12. उत्पन्न वाढते आहे, पण ही न कमावलेली रक्कम वर्षागणिक घटते आहे, तर नवे करार किंवा नूतनीकरण मंदावले असण्याची शंका घ्यावी. पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात ते उतरेल. मात्र त्याआधी बिल करण्याची पद्धत बदलली का, हे पाहावे. वार्षिक बिलांऐवजी तिमाही बिले सुरू केली तरी ही रक्कम घटते आणि धंदा तेवढाच असतो. उलट, तिमाहीवरून वार्षिक बिलांवर गेल्यास एकही नवा ग्राहक न मिळवता बिलिंग फुगते. तसे झाले असेल तर येणे रकमेकडे बघावे. बिलिंगपेक्षा येणे वेगाने वाढत असेल, तर बिले पाठवली गेली आहेत, पण ग्राहक पैसे द्यायला तयार नाहीत.