एका ‘जबाबदारी’मागचे तीन जर्मन शब्द

जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने परवा रात्री मुलाच्या शाळेतल्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. मुलगा पाचवीत. वर्गाची सहल तळ्याकाठी जाणार होती आणि संमतीपत्रक सकाळी सही करून द्यायचं होतं. पाठोपाठ फोन आला. “मॅडम, शाळा कसलीच जबाबदारी घेत नाही म्हणते. मग पाठवू कशी त्याला?”

फोटो तिरका होता, मधून घडी गेली होती, खालचा कोपरा कापला गेला होता. मी आधी कागद टेबलावर सपाट ठेवून पुन्हा फोटो काढायला सांगितला. जर्मन वाक्यात नकाराचा ‘निश्त’ आपल्या ‘नाही’सारखाच बहुधा शेवटाकडे येतो. ओळीचं टोक कापलं गेलं, तर परवानगी आणि मनाई यांत फरक उरत नाही. शिवाय चौकटींच्या वर एक बारीक सूचना असते. कधी ती ‘लागू असेल तिथे फुली मारा’ असं सांगते, तर कधी ‘लागू नसेल ते खोडा’ असं. दोन्हींचा अर्थ नेमका उलटा. तिच्या चिठ्ठीत फुली मारायची होती.

आता तिला घाबरवणारं वाक्य. तिने ज्याचं ‘जबाबदारी’ केलं, तो मूळ शब्द ‘हाफ्टुंग’. म्हणजे नुकसान झालं तर भरपाई देण्याचं कायदेशीर बंधन. पूर्ण वाक्य असं होतं: मुलांनी सोबत आणलेल्या मौल्यवान वस्तू हरवल्या किंवा मोडल्या, तर शाळा त्यांची भरपाई देणार नाही. विषय मोबाइल आणि घड्याळाचा होता, मुलाच्या जिवाचा नव्हे. निष्काळजीपणामुळे झालेल्या शारीरिक इजेची भरपाई छापील अटींत एक वाक्य घालून झटकणं जर्मन नागरी संहितेच्या ३०९व्या कलमाला मान्यच नाही. आणि शाळकरी मुलांना तिथे १९७१पासून कायद्यानेच अपघात विमा आहे. शाळेने आखलेली सहल त्यात येते, पालकांना हप्ता भरावा लागत नाही आणि उपचाराआधी चूक कोणाची याचा निवाडा होत नाही. हरवलेला मोबाइल मात्र या विम्यात बसत नाही.

दुसरा शब्द ‘आउफझिश्त’, म्हणजे देखरेख. मराठीत यालाही आपण जबाबदारीच म्हणतो. ‘माझ्या मुलाने किमान तिघांच्या गटात, शिक्षक सोबत नसताना फिरायला माझी हरकत नाही’ असं ते वाक्य होतं. तिने ते घाईत ओलांडलं होतं. खरं तर पालक म्हणून विचार करायला लावणारं वाक्य हेच. इथे फुली मारली की मुलावरची सततची नजर काही वेळ काढून घ्यायला पालकाने होकार दिलेला असतो. तिसरा शब्द ‘फेरआन्टवोर्टलिश’, आणि तो तिच्यासाठी होता: परतल्यावर मुलाला वेळेवर घ्यायला येणं हे पालकांकडे.

पोहण्याच्या रकान्यात तिने ‘पोहता येतं’वर खूण करायचं ठरवलं होतं. पुण्यात सुट्टीत तो सोसायटीच्या तलावात पोहायचा. मी विचारलं, बिल्ला कुठला आहे? ‘झेपफर्डशेन’, म्हणजे समुद्रघोड्याचा. त्यासाठी पंचवीस मीटर पोहून खांद्याएवढ्या पाण्यातून एक वस्तू वर आणावी लागते. ही फक्त सुरुवात. जर्मन जीवरक्षक संस्था मुलाला भरवशाचा पोहणारा मानते ते ब्राँझ बिल्ल्यापासून, ज्यात पंधरा मिनिटांत किमान दोनशे मीटर पोहावं लागतं. खोल पाण्यात कोणाला सोडायचं, हे शिक्षक या रकान्यावरून ठरवतात. इथली चुकीची खूण भाषांतराची चूक राहत नाही. तिने खूण न करता बिल्ल्याचं नाव लिहिलं.

गोचिडीचं वाक्य वाचून तिला आधी नवल वाटलं. मुलाला गोचीड चिकटली तर शिक्षकांनी ती लगेच काढावी का, असा प्रश्न. दक्षिण जर्मनीत गोचिडींमधून मेंदूज्वर आणि बोरेलियाचा संसर्ग होतो. बोरेलियाचे जंतू अंगात शिरायला सहसा काही तास लागतात, म्हणून ती लवकर निघालेली बरी. त्यासाठी अंगाला हात लावावा लागतो, म्हणून आधी परवानगी. तिने होकार दिला. तिघांच्या गटाची चौकट मात्र रिकामी ठेवली आणि बाजूला लिहिलं की मुलगा शिक्षकांसोबतच राहील.

चिठ्ठीचा खालचा अर्धा भाग फाडून शाळेत जातो, निघण्याची आणि परतण्याची वेळ वरच्या अर्ध्यात घरी राहते. सही झाल्यावर, फाडण्याआधी, अख्ख्या कागदाचा एक फोटो काढून ठेवा.