सिनेगॉग पाहून आल्यावर मुलांनी काय लिहावं?

‘आम्ही सकाळी निघालो. प्रार्थनास्थळ सुंदर होतं. आत शांत वाटलं. खूप माहिती मिळाली.’ क्षेत्रभेटीनंतर शाळेत जमा होणारे बहुतेक अहवाल असेच असतात. अहवाल चांगला आहे की नाही हे ओळखायला एकच कसोटी पुरते: तिथे न जाताही हा लिहिता आला असता का? आला असता, तर दोष मुलांचा नाही. हातात दिलेल्या कोऱ्या कागदाचा आहे. त्यांना काय पाहायचं हे कुणी सांगितलेलंच नसतं.

अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग हे उदाहरण घेऊ. कोकणातल्या बेने इस्रायली समाजाचं हे प्रार्थनास्थळ. हा समाज मराठी बोलतो, त्यांची आडनावं रोहेकर, पेणकर, नवगावकर अशी गावांवरून आलेली आहेत आणि तेलाचे घाणे शनिवारी बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. म्हणजे रायगडच्या मुलांसाठी हा शेजारचाच धर्म आहे, तरी त्यांच्यापैकी फार थोड्यांनी तो जवळून पाहिलेला असतो. सातवी-आठवीचा वर्ग तिथे नेणार असाल, तर अहवालाचा नमुना निघण्याच्या आधीच मुलांच्या हाती द्या. परतल्यावर दिलेल्या प्रश्नांची उत्तरं मुलं आठवून नव्हे, अंदाजानं लिहितात.

नमुन्याच्या पानावर तीन रकाने आखावेत: ‘मी स्वतः पाहिलं’, ‘तिथल्या माणसांनी सांगितलं’ आणि ‘मला कळलं नाही’. सारी शिस्त या तीन रकान्यांतच आहे.

पहिल्या रकान्यासाठी प्रश्न मोजकेच, पण डोळ्यांना कामाला लावणारे असावेत.

दाराच्या चौकटीवर लहान डबी दिसते का? कोणत्या बाजूला, तुझ्या खांद्याच्या वर की खाली?
पवित्र ग्रंथाचं कपाट कोणत्या भिंतीला आहे? होकायंत्रानं दिशा लिही.
ग्रंथवाचनाचा चौथरा कुठे आहे? बसायच्या जागा कुणीकडे तोंड करून आहेत?
दिवे किती? त्यांतला कोणता पेटलेला आहे?
भिंतींवर कोणत्या लिप्या दिसतात? मूर्ती किंवा माणसांची चित्रं दिसतात का?

दिशेचा प्रश्न सगळ्यात फलदायी आहे. मुलगी होकायंत्र धरते आणि लिहिते, ‘कपाट पश्चिमेच्या भिंतीला.’ वर्गात आल्यावर नकाशा उघडायचा. प्रार्थना जेरुसलेमकडे तोंड करून होते आणि कोकणातून ते पश्चिमेला येतं. युरोपातल्या सिनेगॉगमध्ये हेच कपाट सहसा पूर्वेला असतं. मग एखादा मुलगा हमखास म्हणतो की आमच्या मशिदीतही तोंड पश्चिमेलाच असतं. बरोबर आहे, पण तिथे कारण मक्का आहे. दिशा एक, कारणं दोन. नुसतं पाहून कारण कळत नाही, हे मुलांना इथे आपोआप उमगतं आणि दुसऱ्या रकान्याची गरज पटते.

रिकामी वास्तू सगळं सांगत नाही. स्त्रिया कुठे बसतात, सामूहिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष का लागतात, तोरा उजवीकडून डावीकडे कसा वाचतात, त्याच्या चर्मपत्राला बोट का लावत नाहीत, हे विचारूनच कळेल. अशी प्रत्येक नोंद ‘सांगितलं’ या रकान्यात जावी. समजा, एका मुलानं लिहिलं: ‘दोन हजार वर्षांपूर्वी सात जोडपी नवगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागली.’ हे वाक्य खोटं नाही, पण चुकीच्या रकान्यात आहे. ते असं हवं: ‘नवगावजवळ जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, असं या समाजाची परंपरा सांगते.’ काळाबद्दल इतिहासकारांचं एकमत नाही, हे शिक्षकांनी समासात लिहावं. परंपरेचा मान राखला जातो आणि इतिहासाचाही.

आता वागण्याच्या सूचना. त्या नमुन्याच्या मागच्या पानावर छापाव्यात, म्हणजे भेटीच्या वेळी हातात राहतात. मुलग्यांनी डोकं झाकायचं. टोपी नसेल तर स्वच्छ रुमाल चालतो. चपला, मुलींनी डोकं झाकणं, फोटो या बाबतींत आधी विचारायचं, कारण रीत जागेगणिक बदलते. कपाट, पडदा, ग्रंथ यांना हात लावायचा नाही. जेवणाचे डबे बाहेरच, कारण यहुद्यांचे आहाराचे नियम काटेकोर आहेत.

वाराची चूक मात्र शाळांकडूनच होते. शनिवारी अर्धी शाळा, म्हणून भेट शनिवारी ठरते. पण शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत शब्बाथ असतो आणि त्या काळात लिहिणंही निषिद्ध आहे. चाळीस मुलं वह्या-पेनं काढून प्रार्थनेत उभी राहिली, तर हेतू कितीही चांगला असो, यजमानांना ते खुपतं. रविवार किंवा कामाचा वार घ्यावा, सप्टेंबर-ऑक्टोबरमधले मोठे सण टाळावेत आणि परवानगी लेखी मागावी.

दोन गोष्टी आणखी स्पष्ट सांगाव्या लागतात. इस्रायलच्या राजकारणाबद्दल किंवा युद्धाबद्दल तिथल्या काळजीवाहू काकांना जाब विचारल्यासारखं बोलायचं नाही. ते आपल्याच जिल्ह्याचे आहेत. आणि अहवालात दारावरची सुरक्षाव्यवस्था, कॅमेऱ्यांच्या जागा, माणसांची नावं किंवा फोन नंबर लिहायचे नाहीत. सिनेगॉगना सुरक्षेची काळजी घ्यावी लागते आणि वर्गातला कागद आज सहज मोबाइलवरून गावभर फिरतो.

अहवालातली भाषाही वागण्याचाच भाग आहे. ‘त्यांच्यात विचित्र प्रथा आहे’ हे वाक्य लिहिणाऱ्याबद्दल सांगतं, प्रथेबद्दल काहीच नाही. मुलाला ‘विचित्र’ खोडायला लावून भागत नाही. नेमकं काय पाहिलंस, असं विचारावं. मग तो लिहितो, ‘आत एकही मूर्ती नव्हती, त्यामुळे कुणीकडे पाहायचं हे मला आधी कळलं नाही.’ हे प्रामाणिक आहे आणि त्याची जागा तिसऱ्या रकान्यात आहे. हा रकाना कोरा ठेवणाऱ्यांचे गुण कापावेत असं माझं ठाम मत आहे, कारण पहिल्याच भेटीत सगळं कळलं असं होत नाही.

‘तू तिथे काय प्रार्थना केलीस?’ हा प्रश्न मात्र नमुन्यात कधीही नसावा. काही मुलं हात जोडतील, काही नुसती उभी राहतील. त्याची नोंद शाळेनं मागू नये. राज्यघटनेच्या 28व्या अनुच्छेदानुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही आणि मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. म्हणून भेट प्रार्थनेच्या वेळेबाहेर ठेवावी आणि पालकांना पाठवायच्या चिठ्ठीत ‘ही पाहणी आहे, उपासना नाही’ असं सरळ लिहावं.

तपासणी झाल्यावर शिक्षकांनी निवडक अहवालांच्या प्रती आभारपत्रासह सिनेगॉगच्या विश्वस्तांकडे धाडाव्यात आणि चुका कळवण्याची विनंती करावी. दुरुस्ती आली, तर ती वर्गात वाचून दाखवा आणि पुढच्या वर्षीचा नमुना छापण्याआधी त्यात घाला.